डोळ्यांदेखत जुना, बिलावर नवा

वापरलेला लॅपटॉप आपोआप नव्याच्या बॉक्समध्ये जाऊन बसत नाही. कुणीतरी तो पुसतो. कुणीतरी आधीच्या मालकाचा डेटा उडवून त्यात विंडोज पुन्हा टाकतो. कुणीतरी चार्जरची वायर गुंडाळून बांधतो, जुन्या सीलच्या जागी नवं सील चिकटवतो आणि मग बिलावर नव्या मालाची पूर्ण किंमत छापली जाते. एवढं सगळं करताना एकाचाही हात अडखळत नाही. म्हणून ग्राहकाने तक्रार केल्यावर ‘नजरचुकीने झालं असेल’ असं सांगणाऱ्याला मी तोंडावर खोटारडा म्हणतो. नजरचुकीने चुकीचा रंग जातो, चुकीचं मॉडेल जातं. नजरचुकीने कुणी विंडोज टाकत नाही आणि सील चिकटवत नाही.

माझा धंदा लॅपटॉप आणि मोबाइल दुरुस्तीचा. खरेदी झाली की शंका आलेली माणसं मला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवतात आणि विचारतात, हा नवाच आहे ना? बऱ्याचदा उत्तर त्या फोटोतच असतं. तेच फोटो ग्राहकाने विकणाऱ्या कंपनीलाही पाठवलेले असतात. तिथून येणारं उत्तर मात्र ठरलेलं: ‘फोटोवरून प्रॉडक्ट वापरलेलं असल्याचं सिद्ध होत नाही.’ माझा सगळा राग या एका वाक्यावर आहे. फोटोवरून पुष्कळ काही सिद्ध होतं. ते बघायचं नाही असं ठरवलेल्या माणसाला काहीच सिद्ध होत नाही.

मागच्या वर्षी सातारा जिल्ह्यातल्या एका एसटी कंडक्टरने मुलीला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षासाठी ऑनलाइन लॅपटॉप घेतला. किंमत अठ्ठावन्न हजार. यादीत ‘नवीन’ लिहिलेलं, बिलावर नव्याचाच भाव. वडील ड्यूटीवर होते म्हणून मुलीने बॉक्स उघडताना एकेका पायरीचे फोटो काढून त्यांना पाठवले. दोन आठवड्यांनी बॅटरी फार लवकर उतरते म्हणून दोघं माझ्याकडे आले. सात दिवसांची बदलून देण्याची मुदत तोवर संपली होती. ‘बॉक्स आला तवा सील होतं की वो,’ वडील पुन्हा पुन्हा सांगत होते. मी लॅपटॉप बाजूला ठेवला आणि आधी मुलीचा मोबाइल मागितला.

पहिला फोटो बंद बॉक्सचा. वरच्या झाकणाच्या फटीवर पारदर्शक गोल सील व्यवस्थित बसलेलं होतं. पण फोटो मोठा करून पाहिला तर त्या गोलाच्या डाव्या कडेबाहेर चंद्रकोरीसारखी एक फिकट पट्टी दिसत होती. तिथली पुठ्ठ्याची छापील चकाकी गेलेली आणि कागदाचे पांढुरके धागे वर आलेले. हे कसं होतं ते समजून घ्या. कारखान्यातलं सील पुठ्ठ्याच्या छापील थराला घट्ट धरून बसतं. ते पहिल्यांदा उचललं की त्याच्याबरोबर कागदाचा पातळ पापुद्रा निघतो. गरम हवा मारून सावकाश सोडवलं तर पापुद्रा कमी निघतो, पण डिंकाचा चकचकीत ठसा राहतोच. नंतर त्याच जागी दुसरं सील लावणाऱ्याला पहिल्या वर्तुळावर दुसरं वर्तुळ केसभरही न हलता बसवावं लागतं. हाताने ते जमत नाही. दोन-तीन मिलिमीटर सरकतं आणि जुन्या सीलची कड उघडी पडते. फोटोत दिसणारी ती चंद्रकोर म्हणजे हा बॉक्स आधी एकदा उघडला गेल्याची खूण.

दुसरा फोटो आतल्या सामानाचा. नव्या लॅपटॉपमध्ये कीबोर्ड आणि स्क्रीन यांच्या मध्ये बहुधा एक पातळ, कापडासारखी पांढरी शीट घातलेली असते, म्हणजे वाहतुकीत कळा स्क्रीनला घासत नाहीत. इथे ती नव्हती. चार्जरच्या विटेवरची पातळ फिल्म नव्हती. वायर गुंडाळलेली होती, पण वेढे लहानमोठे, आणि वायरला मध्येच जुन्या घडीचा बाक. कारखान्यातून येणारी वायर एका मापाच्या वेढ्यांत येते. यातली एकेक गोष्ट सुटी धरली तर क्षुल्लक आहे. शीट राहून जाऊ शकते, हे मी मान्य करतो. पण शीट नाही, फिल्म नाही, वायर हाताने गुंडाळलेली आणि वर दोन सीलच्या खुणा, हे सगळं एकाच बॉक्समध्ये असेल तर योगायोगाचं नाव काढू नये.

तिसरा फोटो तिने लॅपटॉपच्या उजव्या कडेचा काढला होता, सहज, रंग दाखवायला म्हणून. मला सर्वांत जास्त त्याच फोटोने सांगितलं. उजवीकडच्या यूएसबी पोर्टच्या तोंडाशी दोन्ही खालच्या कोपऱ्यांत काळा रंग खरवडून खालचा धातू चमकत होता. आतल्या जिभेवरच्या सोनेरी पट्ट्यांवर मधोमध उभ्या, उजळ रेघा होत्या. यूएसबीची पिन आत जाते तेव्हा तिचे संपर्क या पट्ट्यांवरून घासत सरकतात. दोन-चार वेळा घासल्याने फोटोत दिसण्याइतकी रेघ पडत नाही. रोज सकाळी काहीतरी लावायचं आणि संध्याकाळी काढायचं, असं कित्येक महिने केल्यावर ती पडते. डाव्या कडेच्या फोटोत यूएसबी पोर्ट बरंच स्वच्छ होतं. मॉनिटर जोडायचं एचडीएमआय पोर्ट अगदी कोरं. म्हणजे कुणीतरी हा लॅपटॉप माउसचा रिसीव्हर उजवीकडे लावून नियमित वापरत होतं, बाहेरचा मॉनिटर जोडत नव्हतं. हा तर्क मी मुलीला सांगितला तेव्हा ती म्हणाली, ‘काका, मी तर अजून माउस घेतलाच नाही.’

फोटोत चार्जिंगच्या भोकाभोवतीही पिनच्या कडेने घासून झालेलं चमकदार कडं दिसत होतं. दोन आठवड्यांत, दिवसाला एकदा चार्जर लावून, ते तयार होत नाही. आणि महत्त्वाचं म्हणजे हे फोटो पहिल्या दिवसाचे होते, लॅपटॉप सुरू करण्याच्याही आधीचे. फोटोच्या माहितीत तारीख आणि वेळ नोंदलेली होती, डिलिव्हरीच्या मेसेजनंतर अर्ध्या तासाची.

मग लॅपटॉप हातात घेतला. स्क्रीन बंद ठेवून ती ट्यूबलाइटखाली तिरकी धरली. काळ्या पृष्ठभागावर एकाखाली एक अशा फिकट आडव्या ओळी दिसल्या. त्यांतलं अंतर कीबोर्डच्या ओळींच्या अंतराएवढं, आणि सर्वांत खाली लांब रेघ, स्पेसबारच्या कडेची. झाकण बंद असताना कळांचे माथे स्क्रीनला टेकतात. पिशवीत दाब आला की बोटांचं तेल आधी स्क्रीनवर उमटतं आणि नंतर खरोखरची घासण होते. तेल मायक्रोफायबरच्या कापडाने जातं. विकणाऱ्याने ते पुसलंही होतं. घासण पुसली जात नाही. टचपॅडचा मधला भाग काचेसारखा गुळगुळीत आणि कडा मूळच्या खरखरीत, स्पेसबारचं उजवं टोक अंगठ्याने चकचकीत झालेलं, खालच्या रबरी पट्ट्यांच्या पुढच्या कडा चेपलेल्या आणि त्यांत धूळ घट्ट बसलेली. तळाच्या दोन स्क्रूंच्या डोक्यांवरचा काळा मुलामा पेचकसाने सोललेला.

एवढ्यावर मी थांबू शकलो असतो. पण ‘सिद्ध होत नाही’ म्हणणाऱ्यांसाठी आकडेही काढले. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून एक ओळ टाकली की बॅटरीचा अहवाल एका फाइलमध्ये मिळतो:

```
powercfg /batteryreport
```

फाइल कुठे ठेवली ते स्क्रीनवर येतं, ती ब्राउझरमध्ये उघडायची. तिथे `DESIGN CAPACITY` म्हणजे बॅटरीची मूळ क्षमता, `FULL CHARGE CAPACITY` म्हणजे आज पूर्ण चार्ज केल्यावर मिळणारी क्षमता. या लॅपटॉपची मूळ क्षमता होती ५०,०४० मिलिवॉट-तास, आणि आजची ४३,९१०. सुमारे बारा टक्के क्षमता गेलेली. `CYCLE COUNT` होता १६१. एक सायकल म्हणजे बॅटरीच्या पूर्ण क्षमतेइतका वापर, मग तो एका दिवसात झालेला असो की दोन-तीन दिवसांत मिळून. दोन आठवडे वापरणाऱ्या मुलीकडून १६१ सायकली होण्यासाठी तिला रोज अकरा-बारा वेळा पूर्ण बॅटरी रिकामी करावी लागली असती.

नंतर एसएसडी पाहिला. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा फुकट प्रोग्रॅम डिस्कच्या आतली नोंदवही उघडून दाखवतो. तिथे `Power On Hours` समोर १,८४६ तास होते. दिवसाला आठ तास धरले तर दोनशे तीस दिवसांचं काम. डिस्क पुसली, विंडोज नवं टाकलं, तरी हा आकडा शून्यावर येत नाही, कारण तो फाइलींमध्ये नसतो, डिस्कच्या स्वतःच्या कंट्रोलरमध्ये असतो. शिवाय अनेक डिस्क झोपेच्या अवस्थेतला वेळ मोजत नाहीत. म्हणजे खरा वापर याहून जास्तच असेल, कमी नाही. पोर्ट, स्क्रीन, बॅटरी आणि डिस्क असे चार एकमेकांशी संबंध नसलेले साक्षीदार एकच गोष्ट सांगत होते: साताऱ्याच्या त्या घरी येण्याआधी कुणीतरी हा लॅपटॉप सात-आठ महिने वापरला होता.

हे सगळं फोटो आणि स्क्रीनशॉटसह कंपनीला पाठवलं. उत्तर आलं: मुदत संपली आहे, आणि दिसणारे ओरखडे ग्राहकाच्या वापराने पडलेले असू शकतात. पहिल्या दिवशी, लॅपटॉप सुरू होण्याआधी काढलेल्या फोटोतले ओरखडे ग्राहकाच्या वापराने पडले, असं एका माणसाने लिहून पाठवलं. त्याने फोटो उघडलेच नसतील, किंवा उघडूनही लिहिलं असेल. यांतला कमी वाईट पर्याय कोणता, ते मला ठरवता येत नाही.

हा माल येतो कुठून? ग्राहकांनी परत केलेले पीस, दुकानात काउंटरवर मांडलेले डेमो, ऑफिसांनी भाड्याची मुदत संपल्यावर परत केलेले लॅपटॉप, एक्स्चेंजमध्ये आलेले फोन. हा माल लॉटने विकला जातो, नव्याच्या किमतीहून बऱ्याच कमी भावात. तो तपासून, दुरुस्त करून, रिफर्बिश्ड म्हणून विकणारे प्रामाणिक व्यापारी आहेत आणि त्यांच्याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. मी स्वतः विद्यार्थ्यांना रिफर्बिश्ड घ्या म्हणून सांगतो. अमेरिकेत अ‍ॅपल कंपनी स्वतः रिफर्बिश्ड आयफोन विकते, त्यांना नवी बॅटरी आणि नवं बाह्य आवरण घालते, एक वर्षाची वॉरंटी देते आणि नव्यापेक्षा कमी भाव लावते. वस्तू जुनी आहे हे आधी सांगितलं, भाव त्याप्रमाणे लावला, की व्यवहार स्वच्छ होतो. त्या कंडक्टरला कुणी सांगितलं असतं की हा आठ महिने वापरलेला आहे, बॅटरी बारा टक्के उतरली आहे, भाव इतका, तर त्याने विचार करून घेतला असता किंवा नसता. त्याचा हा विचार करण्याचा हक्कच विकणाऱ्याने चोरला, आणि जुन्या-नव्याच्या भावातला फरक खिशात घातला.

फोनमध्ये हीच चोरी जास्त सफाईने होते, कारण फोनचा दिसणारा जवळजवळ प्रत्येक भाग बदलता येतो. बॅक पॅनेल सुटं मिळतं, फ्रेम मिळते, दुरुस्तीवाले ज्याला फोल्डर किंवा कॉम्बो म्हणतात तो डिस्प्लेचा संच मिळतो, बॉक्स मिळतो, सीलही मिळतात. अ‍ॅपलने २०२१ साली आयफोन १३ पासून बॉक्सवरचं प्लॅस्टिक काढून टाकलं आणि मागच्या बाजूला ओढून फाडायच्या कागदी पट्ट्या आणल्या. आता तशाच पट्ट्या सुट्या विकल्या जातात. म्हणून ‘सीलपॅक आहे’ हे दुकानदाराचं वाक्य मी पुरावा मानत नाही. ‘बॉक्सवरचा आणि फोनमधला आयएमईआय जुळतो’ हेही मानत नाही. `*#06#` दाबल्यावर दिसणारा पंधरा आकडी नंबर बॉक्सच्या लेबलवर छापायला छोटा प्रिंटर पुरतो. नंबर जुळला नाही तर फसवणूक उघड आहे, पण जुळला म्हणून फोन नवा ठरत नाही. सरकारच्या संचार साथी सेवेत १४४२२ वर `KYM`, एक जागा सोडून आयएमईआय, असा मेसेज पाठवला की तो नंबर खरा आहे का, काळ्या यादीत आहे का, हे कळतं आणि ते तपासावंच. पण आधी कुणी तो फोन आठ महिने खिशात घेऊन फिरलं का, हे ती सेवा सांगत नाही. दुकानदार त्या मेसेजचं उत्तर नवेपणाचा दाखला म्हणून पुढे करतो तेव्हा तो तुमच्या अज्ञानावर धंदा करतो.

फोनची स्क्रीन घासून चकचकीत केलेली असते. पॉलिशने बारीक ओरखडे जातात, पण काचेवरचा तेल न धरणारा थरही त्याबरोबर जातो. नव्या काचेवर पाण्याचा थेंब टाकला तर तो गोल, उभा राहतो आणि फोन कलंडला की घरंगळतो. पॉलिश केलेल्या काचेवर तो पसरतो, आणि बोटांचे ठसे पुसूनही पुसट राहतात. ओएलईडी स्क्रीनवर सतत एकाच जागी राहिलेल्या गोष्टींची सावली उरते: वरची घड्याळ-बॅटरीची पट्टी, खालची बटणं, कीबोर्डची जागा. एकसारखा राखाडी रंग असलेलं चित्र पूर्ण स्क्रीनवर लावून दुसऱ्या फोनने फोटो काढला की ही सावली पकडता येते. चार्जिंगच्या टाइप-सी पोर्टमध्ये तोंडाच्या कडेला ओरखडे आणि आत, अगदी तळाशी, खिशातल्या कापडाचा घट्ट बसलेला बोळा. दुकानातली धूळ मोकळी असते, फुंकरीने उडते. हा बोळा केबलच्या पिनने रोज आत दाबून दाबून तयार झालेला असतो आणि लाकडी काडीने टोकरून काढावा लागतो.

आयफोनमध्ये आणखी एक जागा पाहावी. सेटिंग्जमध्ये `General`, मग `About`, तिथे मॉडेल नंबर असतो. त्याचं पहिलं अक्षर `M` असेल तर नवा म्हणून विकायला बनवलेला, `F` असेल तर कंपनीने रिफर्बिश केलेला, `N` असेल तर कुणाच्या तरी बिघडलेल्या फोनच्या बदल्यात दिलेला. ‘नवा’ म्हणून घेतलेल्या फोनवर `F` किंवा `N` दिसलं की वाद संपला. मात्र `M` दिसला म्हणजे निश्चिंत व्हायचं नाही. पहिल्या मालकाने दुकानातून घेतलेला फोन दहा हात फिरला तरी `M`च राहतो. बॅटरीची सायकल संख्या आयफोन १५ पासून पुढे फोनच दाखवतो. पण बॅटरी बदललेली असू शकते आणि तिच्या नोंदी बदलणारी यंत्रंही बाजारात मिळतात. म्हणून मी कधीच एका खुणेवर निकाल देत नाही. आकडा स्वच्छ आणि पोर्ट घासलेलं असेल, तर मी पोर्टवर विश्वास ठेवतो. आकडा बदलायला यंत्र आहे. पोर्ट बदलायला फोन उघडावा लागतो आणि त्याची वेगळी खूण राहते.

आता विकणाऱ्यांच्या बाजूने जे खरं आहे तेही सांगतो, कारण खोट्या आरोपाने खरी तक्रार मरते. कारखान्यात चाचणीसाठी पोर्टमध्ये पिन घातली जाते, म्हणून एखादी पुसट रेघ पुरावा नाही. नव्या एसएसडीवरही चाचणीचे थोडे तास असू शकतात. आपल्याकडे काही विक्रेते रॅम किंवा एसएसडी वाढवून देण्यासाठी नवा लॅपटॉप उघडतात. तसं यादीत लिहिलेलं असेल तर तुटलेलं सील आणि स्क्रूवरची खूण यांत लबाडी नाही. माल गोदामात पडून राहिला तर कंपनीच्या साइटवर वॉरंटी काही महिने आधी सुरू झालेली दिसू शकते, आणि बिल दाखवून ती तारीख दुरुस्त करून मिळते. कोपरा चेपलेला बॉक्स तर वाहतुकीचाच दोष असतो. पण यांतलं कोणतंही कारण १६१ सायकली समजावून सांगत नाही. कोणतंही कारण टचपॅड गुळगुळीत करत नाही.

कायदा याबाबत अजिबात संदिग्ध नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथेची व्याख्या आहे आणि पुन्हा बांधलेला, वापरलेला, दुरुस्त करून नवा केलेला किंवा जुना माल नवा असल्याचं खोटं दाखवणं, हे त्यात स्पष्ट नोंदलेलं आहे. १९८६ च्या जुन्या कायद्यातही ते होतं. म्हणजे यूएसबी पोर्ट जन्माला येण्याआधीपासून या देशात हा प्रकार बेकायदा आहे. तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे. कंपनीची सात दिवसांची ‘रिटर्न विंडो’ ही तिची स्वतःची सोय आहे. संसदेने दिलेली दोन वर्षं ती कापू शकत नाही. तक्रार ग्राहक जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, विक्रेत्याच्या गावी जावं लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवण्याचा अधिकार आयोगाला आहे. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.

आम्ही तेच केलं. आधी १९१५, तिथे कंपनीने पुन्हा तेच उत्तर चिकटवलं. मग एका ओळखीच्या वकिलाने नोटीस पाठवली: कलम २(४७) चा उल्लेख, पहिल्या दिवसाचे फोटो तारीख-वेळेसह, बॅटरीचा अहवाल, डिस्कचे तास, बिल, आणि यादीतल्या ‘नवीन’ या शब्दाचा स्क्रीनशॉट. नोटीस पोहोचली आणि ज्या कंपनीला फोटोवरून काहीच सिद्ध होत नव्हतं, तिने पूर्ण पैसे परत केले. सोबत एक ओळ होती: कोणतीही चूक मान्य न करता, ग्राहकाच्या समाधानासाठी.

वडील खूश झाले आणि त्यांचा आनंद खरा होता. अठ्ठावन्न हजार परत मिळणं म्हणजे त्यांच्या घरासाठी लहान गोष्ट नव्हती. मी खूश झालो नाही. कुरिअरवाला लॅपटॉप घेऊन गेला. तो कुठे गेला, हे सांगायला कंपनी बांधील नाही, आणि मी लेखी विचारलं तरी तिने सांगितलं नाही. ज्या व्यवस्थेने त्याच्यावर एकदा नवं सील चिकटवलं, तिला दुसऱ्यांदा चिकटवण्यापासून काहीही अडवत नाही. नोटीस पाठवू शकणाऱ्या एका ग्राहकाचे पैसे परत करायचे आणि न पाठवणाऱ्या बाकीच्यांकडून फरक कमवत राहायचं, हा हिशेब फायद्याचा आहे म्हणूनच हे चालू आहे. गुपचूप दिलेला रिफंड हा या धंद्याचा खर्च आहे, शिक्षा नाही.

म्हणून माझी मागणी ग्राहकाने अधिक सावध राहावं अशी नाही. सावध राहण्याची जबाबदारी पैसे मोजणाऱ्यावर आणि सील चिकटवणारा मोकळा, हे मला मान्य नाही. मागणी एवढीच: प्रत्येक लॅपटॉपचा सीरियल नंबर आणि प्रत्येक फोनचा आयएमईआय बिलावर छापलेला हवा, आणि एकदा ग्राहकाच्या दारातून परत आलेला नंबर त्या कंपनीच्या संगणकात पुन्हा कधीही ‘नवीन’ या यादीत चढता कामा नये. हे तांत्रिकदृष्ट्या अवघड आहे असं कुणी सांगू नये. परत आलेला पीस स्वीकारताना हेच लोक तो नंबर तपासतात, ग्राहकाने दुसरा पीस तर दिला नाही ना म्हणून. स्वतःचं नुकसान टाळताना नंबर वाचता येतो. आमचं टाळताना त्यांचे डोळे जातात.

हा नियम येईपर्यंत रिफंड घेतानाही सही करण्याआधी थांबा. पैसे परत घ्या, पण ‘तक्रार मागे घेतो’ या ओळीखाली नाव लिहू नका. त्या कंडक्टरने लिहिलं नाही. रिफंडनंतरही त्याने जिल्हा आयोगात केलेली तक्रार चालू आहे, नुकसानभरपाईसाठी आणि तो लॅपटॉप त्यानंतर कोणत्या यादीत गेला याचं उत्तर कंपनीने शपथेवर द्यावं यासाठी.